समाचाराला गेल्यावर काय बोलावं

कोल्हापुरात एखाद्या घरचं माणूस गेलं की पहिले दोन-तीन दिवस शब्दांवाचून फारसं काही अडत नाही. गल्लीतली पोरं धावपळ करतात, कोणी पाहुण्यांना फोन लावतं, शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी येते. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. तिथं लागणाऱ्या शेणी होळीच्या सुमारास लोक आपणहून दान करतात. निधनवार्तेच्या शेवटी रक्षाविसर्जनाची वेळ दिलेली असते. त्या वेळेला नदीवर जायचं, हात जोडायचे, घरच्या माणसांच्या नजरेला पडायचं, एवढ्यानं आपली हजेरी लागते, आणि ती पुरेशीही असते. दूरच्या ओळखीत ठरलेले शब्द अगदी योग्य असतात. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या वडिलांविषयी ‘वाईट झालं’ म्हणून थांबणारा माणूस सभ्यच म्हणायचा. उगाच खोलात शिरणारा त्याच्यापेक्षा जास्त त्रास देतो. सहानुभूती ही अशी सभ्य अंतरावरची गोष्ट आहे. प्रश्न येतो तो जिवलग मित्राचा. गर्दी पांगल्यावर आपण त्याच्यासमोर बसतो, तो जमिनीकडे बघत असतो, आणि तिथं हजेरीचे शब्द कमी पडतात.

अशा वेळी तोंडातून निघतात ती वाक्यं सगळ्यांना पाठ आहेत. ‘गेलेलं माणूस परत येत नाही.’ ‘खंबीर हो, आता तुलाच आईकडं बघायचंय.’ ‘निदान त्रास तरी काढला नाही त्यांनी.’ म्हातारं माणूस असेल तर ‘सोनं झालं.’ यातलं एकही वाक्य दुष्टपणानं बोललेलं नसतं, बरीचशी तर खरीही असतात. तरी ऐकणारा मान हलवतो आणि गप्प होतो. याचं कारण त्या वाक्यांच्या घडणीत आहे असं मला वाटतं. ती सगळी दुःखाचा निकाल लावतात. निकाल लागल्यावर बोलायला काही उरत नाही. ‘हो, खरं आहे’ एवढंच उत्तर त्यात बसतं. ‘खंबीर हो’मध्ये तर आणखी एक मागणी दडलेली असते, ती म्हणजे माझ्यासमोर रडू नकोस. बोलणाऱ्याला ते रडणं सहन होणार नसतं, म्हणून धीराचं ओझं रडणाऱ्याच्याच खांद्यावर जातं.

हा केवळ माझा तर्क नाही. डॅरिन लेहमन, जॉन एलार्ड आणि कॅमिल वॉर्टमन या मानसशास्त्रज्ञांनी 1986 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या विषयात अजूनही वाचण्यासारखा आहे. मोटार अपघातात जोडीदार किंवा मूल गमावलेल्या माणसांना, घटनेनंतर काही वर्षांनी, त्यांनी विचारलं की लोकांच्या कुठल्या बोलण्याचा उपयोग झाला आणि कुठल्याचा नाही. उपयोग न झालेल्यांत सल्ला आणि ‘आता यातून बाहेर ये’ या धर्तीचं बोलणं ठळक होतं. उपयोग झाला तो मन मोकळं करू देणाऱ्यांचा आणि तसंच दुःख भोगलेल्या माणसांच्या भेटीचा. इथवर यात नवल नाही. नवल पुढं आहे. ज्यांच्यावर असा प्रसंग आलेला नव्हता त्यांना याच अभ्यासात विचारलं होतं की, अशा माणसाशी तुम्ही काय बोलाल? त्यांची उत्तरं बहुतांशी बरोबर होती. म्हणजे लोकांना माहीत असतं. समोर बसल्यावर ते हरवतं. अभ्यासकांनी त्याचा संबंध समोरासमोर बसल्यावर येणाऱ्या धास्तीशी लावला. हे पटण्यासारखं आहे. मित्राचं दुःख बघून आपण स्वतःच घाबरतो, आणि त्या घाबरण्यातून सुटायला जे वाक्य हाताशी येईल ते उच्चारतो.

मग सहानुभूतीच्या पुढची समानुभूती म्हणजे तरी काय? सर्वसाधारण उत्तर असतं, ‘त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा.’ हा सल्ला निम्माच बरोबर आहे, आणि उरलेला निम्मा घातक. डॅनिएल बॅट्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली नेमका हाच फरक तपासला. अडचणीत सापडलेल्या एका मुलीची कहाणी लोकांना ऐकवली. काहींना सांगितलं की तिला काय वाटत असेल याची कल्पना करा, काहींना सांगितलं की तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला काय वाटलं असतं ते बघा. कणव दोन्ही गटांत जागी झाली. पण स्वतःला तिथं बसवणाऱ्यांच्या मनात कणवेबरोबर त्यांची स्वतःची तगमगही ठळकपणे उठली. तगमगणारा माणूस आधी स्वतःची तगमग शमवायला बघतो. ‘मला तुझं दुःख कळतं, माझे वडील गेले तेव्हा…’ इथून सुरू होणारं बोलणं दहा मिनिटांनी कुठं पोचतं, हे सांत्वनाच्या बैठकीला गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. ज्याचं सांत्वन करायला आलो तोच आपल्याला पाण्याचा तांब्या पुढं करत असतो.

दुसऱ्याच्या जागी दुसऱ्यालाच बघायचं म्हणजे काय, याचं एक उदाहरण कोल्हापूरच्या इतिहासात आहे. 12 जून 1918 रोजी राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे पुत्र शिवाजी शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात गेले. त्यांचं लग्न जेमतेम वर्षापूर्वी, जून 1917 मध्ये झालं होतं. पत्नी इंदुमतीदेवींचा जन्म 1906 चा, म्हणजे वैधव्य आलं तेव्हा त्या बाराव्या वर्षात होत्या. एकाच मृत्यूनं दोन माणसं कोसळली होती. बापाचा हातातोंडाशी आलेला मुलगा गेला होता. त्या मुलीचं काय गेलं होतं? वर्षभराचा संसार, तोही त्या वयात. तिच्या बाबतीत भूतकाळापेक्षा भविष्य जास्त गेलं होतं: सोवळं, पडदा, वाड्यातली एक खोली आणि तिथं काढायची पुढची पन्नास वर्षं. महाराजांनी आपलंच दुःख तिच्यात पाहिलं असतं तर दोघांनी मिळून मुलाची आठवण काढत बसणं हेच सांत्वन ठरलं असतं. त्यांनी तिचं वेगळं नुकसान ओळखलं. घरातला आणि बाहेरचा विरोध असताना त्यांनी सोनतळीला तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. तिनं डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. महाराज 1922 मध्ये गेले, ती इच्छा पुरी झाली नाही. पण इंदुमतीदेवी 1925 मध्ये मॅट्रिक झाल्या आणि पुढं कोल्हापुरात स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी काम केलं.

यावर कोणी म्हणेल, ते राजे होते, त्यांच्या हातात सत्ता होती. आपण काय शाळा काढणार? आक्षेप रास्त आहे, पण मी उदाहरण देतोय ते सत्तेचं नाही. या माणसाचं नेमकं काय गेलं, हा प्रश्न विचारायला राज्य लागत नाही. आणि ज्याला त्याचं उत्तर थोडंतरी सापडलं, त्याचे शब्द आपोआप बदलतात. समजा, एका मैत्रिणीची आई दोन वर्षं अंथरुणावर होती आणि आता गेली. बैठकीला आलेली प्रत्येक बाई म्हणते, ‘सुटल्या बिचाऱ्या.’ मैत्रीण मान हलवते. पण त्या शब्दाच्या पोटात दुसरा अर्थ आहे, ‘तूही सुटलीस,’ आणि तो तिला टोचतो, कारण पहिल्या रात्री सलग झोप लागली याची तिला आधीच लाज वाटते आहे. तिचं गेलंय ते आईबरोबरचं रोजचं कामही: सकाळची गोळी, दुपारची कूस बदलणं, सीपीआर रुग्णालयाच्या फेऱ्या. अशा वेळी ‘औषधाच्या वेळेला अजून जाग येत असेल ना गं?’ एवढं विचारणारी मैत्रीण तिला सापडली, तर ती कदाचित पहिल्यांदाच खरं बोलेल. त्यात ‘बरं वाटलं गं सुटल्यासारखं’ असंही येईल. त्यावर ‘असं बोलू नये’ म्हणायचं नाही, की लगेच ‘त्यात काय चुकलं’ म्हणून तिला माफही करून टाकायचं नाही. ‘दोन वर्षं झोप कुठं होती तुला,’ एवढं पुरतं.

आपल्या समाचाराच्या रीतीत यासाठी एक जागा पूर्वीपासून आहे. आलेला माणूस विचारतो, ‘कसं झालं?’ आणि घरचं कोणीतरी पहिल्यापासून सांगू लागतं. तीच हकीकत वीस वेळा सांगावी लागते, म्हणून नव्या पिढीला तो छळ वाटतो. मला ती रीत शहाणपणाची वाटते. सांगता सांगता घडलेलं माणसाच्या ताब्यात येऊ लागतं. ती बिघडते ती उलटतपासणीनं. ‘आधीच का नाही नेलं?’ ‘त्या दवाखान्यात कशाला दाखवलं?’ हे प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आधीच रात्रंदिवस चाललेले असतात, आणि ते बाहेरून आले की त्यांचा आरोप होतो. दोन्हीतला फरक ओळखायची एक साधी खूण आहे: उत्तर काय येतं यावर आपलं मत बनणार असेल, तर तो प्रश्न विचारू नये.

काहींना बोलायचंच नसतं, हेही खरं. दुःख बाहेर काढलंच पाहिजे, नाहीतर ते आत सडतं, ही समजूत फार पसरली आहे, पण तिला म्हणावा तसा आधार नाही. जॉर्ज बोनॅनो यांनी शोकावर केलेल्या संशोधनातून हे पुढं आलं की बरीच माणसं फारसं न बोलता, कामाधामात, आपली आपण सावरतात. त्यामुळं ‘बोल, मोकळा हो’ हासुद्धा हुकूमच. आपला प्रश्न असा हवा की त्याला ‘नको’ म्हणणं सोपं जावं. धार्मिक शब्दांचंही तसंच. वारकरी घरात ‘पांडुरंगाची मर्जी’ हे वाक्य मोठा आधार देतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते आधार देतं तेव्हा बहुधा घरच्यानंच उच्चारलेलं असतं. त्यानं म्हटलं तर आपण मान डोलवावी. आपण होऊन ते त्याच्या घरी घेऊन जाऊ नये. आणि समदुःखी माणसांचा उपयोग होतो म्हणतात, मग ‘मला कळतं’ म्हणण्यात वाईट काय? वाईट एवढंच की ते आधी म्हटलं जातं. ज्याचं मूल गेलंय असा माणूस दुसऱ्या तशाच बापाकडं बसतो तेव्हा त्याला काही सिद्ध करावं लागत नाही. तो दचकत नाही, आणि विचारलं तर सांगतो.

राहिलं ते ‘काही लागलं तर हाक मार.’ प्रेमानं बोललेलं हे वाक्य सहसा वाया जातं, कारण शोकातल्या माणसाला काय लागतंय हे ठरवायचं आणि मागायचं, ही दोन्ही कामं जड असतात. त्याऐवजी ‘गुरुवारी संध्याकाळी डबा आणतो. बोलायचं नसेल तर दारात ठेवून जाईन,’ हे कोल्हापुरी माणसाला जमण्यासारखं आहे. तेरावं उरकल्यावर पाहुणे परततात, मोबाइलवरच्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ थांबतात, आणि दुसऱ्या महिन्यात त्या घरी कोणी गेलेल्या माणसाचं नाव घेत नाही. जखम पुन्हा उघडेल अशी भीती वाटते. ज्याचं माणूस गेलंय तो ते नाव रोज मनात घेतच असतो. तेव्हा तुमच्या ओळखीत असं घर असेल तर या आठवड्यात फोन करा, आणि ‘कसा आहेस’ विचारण्याआधी गेलेल्याचं नाव घेऊन त्याची एखादी आठवण सांगा.