सकाळच्या मेलमधले चार आकडे

वरिष्ठ अधिकाऱ्यांना रोज सकाळी जाणारा आकडेवारीचा मेल म्हणजे मोठ्या अहवालाचा सारांश, असा समज बहुतेक कार्यालयांत रूढ आहे. प्रत्यक्षात त्याने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते, आणि तो प्रश्न म्हणजे कालचा दिवस नेहमीसारखा गेला की नाही. एखाद्या सहकारी दूध संघाचे उदाहरण घेतले तर हे नेमके कळते. काल सकाळ-संध्याकाळ मिळून ७९.४ हजार लिटर दूध जमा झाले, एवढेच कार्यकारी संचालकांना कळवले तर ते बरे की वाईट हे ठरवण्याचे काम त्यांच्याच माथी येते. आणि परवापेक्षा संकलन कमी म्हणून शेजारी लाल बाण काढला, तर काहीही बिघडलेले नसताना दोन-तीन ठिकाणी फोन फिरतात. वर्षातले जवळपास निम्मे दिवस आदल्या दिवसाहून उणेच असतात, त्यामुळे महिन्याभरात लाल रंगाकडे कोणी पाहीनासे होते.

यावरचा उपाय जुना आहे. वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये असताना नियंत्रण-आलेख मांडला, म्हणजे कोणत्याही चालू कामात रोज होणारा स्वाभाविक चढउतार कोणता आणि खरोखर काही बदलल्याची खूण कोणती, हे वेगळे करून दाखवणारा आलेख. रोजच्या मेलसाठी त्याचे सोपे रूप पुरते: गेल्या काही आठवड्यांची सरासरी काढावी, लागोपाठच्या दिवसांतील फरकांची (अधिक-उणे न पाहता) सरासरी काढावी, या दुसऱ्या सरासरीला २.६६ ने गुणून येणारी रक्कम पहिलीत मिळवावी आणि पहिलीतून वजा करावी. संघाचे सरासरी संकलन ८२ हजार लिटर आणि दिवसागणिक फरक सरासरीने दीड हजार लिटर असेल, तर गुणाकार सुमारे ४ हजार येतो आणि नेहमीची हद्द ७८ ते ८६ हजार ठरते. ७९.४ हजार त्या हद्दीत बसतात. मेलमध्ये त्या आकड्यापुढे ‘नेहमीप्रमाणे’ एवढा एकच शब्द पुरे.

हद्दीबाहेरचा आकडा आला की मात्र पहिला संशय दुधावर नव्हे, नोंदीवर घ्यावा. पहाटे सहाला मेल तयार होताना संकलन ७५.९ हजार दिसत असेल आणि ४१ पैकी ३८ केंद्रांच्याच नोंदी पोचलेल्या असतील, तर उरलेल्या तीन केंद्रांचे दूध आटलेले नसते, तेथील वीज किंवा इंटरनेट गेलेले असते. संगणक ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘शून्य’ असा धरून बेरीज करतो, एवढेच. आलेल्या ३८ केंद्रांची तुलना त्याच ३८ केंद्रांच्या सरासरीशी केली आणि ती ७६ हजार निघाली, की उलगडा होतो. डेअरीच्या वजनकाट्यावर उतरलेल्या टँकरांशी ताळा घेतला तर खात्रीही पटते. अशा दिवशी मेलने बेरीज छापूच नये, ‘३ केंद्रांच्या नोंदी बाकी, इतर ३८ नेहमीप्रमाणे’ असे लिहावे, कारण एकदा खोटा ठरलेला आकडा पुढचे कित्येक दिवस खऱ्या आकड्यांचीही पत घालवतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत. हिवाळ्यातील पुष्ट काळात दूध वाढते, उन्हाळ्यातील कृश काळात घटते, म्हणून ऋतू पालटताना हद्द नव्याने काढावी लागते. विक्रीच्या बाबतीत तर तारखेशी तारीख लावणे फसवेच ठरते: कोजागरी २०२३ मध्ये २८ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये १६ ऑक्टोबरला आली, त्यामुळे मसाला दुधाच्या त्या रात्रीची विक्री गतवर्षीच्या त्याच तारखेशी ताडली, तर आधी मोठी उसळी आणि बारा दिवसांनी मोठी घसरण दिसते, आणि दोन्ही निव्वळ पंचांगाची करामत असते. तेथे तिथीशी तिथी लावावी, इतर दिवशी वाराशी वार.

राहिला प्रश्न मांडणीचा. मेल गाडीत, मोबाइलवर वाचला जातो. म्हणून निष्कर्ष विषयाच्या ओळीतच हवा, तोही सुरुवातीच्या पाचसहा शब्दांत, कारण पुढचे शब्द पडद्यावर कापले जातात. ‘दैनिक अहवाल’ असा रोज तोच विषय असलेला मेल न उघडता पुढे सरकवला जातो. ‘संकलन नेहमीप्रमाणे, परत आलेले दूध जास्त’ हा विषय न उघडताही निम्मे काम करतो. आत संकलन, फॅट, विक्री आणि परत आलेले दूध असे चार आकडे मजकुरातच लिहावेत, चित्ररूप आलेखात नव्हेत, कारण अनेक मेल-सुविधा चित्रे आपोआप दाखवत नाहीत.

चाराचे चौदा व्हायला मात्र वेळ लागत नाही. पनीर विभागाला आपला साठा त्यात हवा असतो, वाहतूक विभागाला डिझेल, आणि नकार देणे अवघड जाते. प्रत्येक नव्या आकड्याला एकच प्रश्न विचारावा: हा हद्दीबाहेर गेला, तर आजच्या आज फोन कोणी कोणाला करायचा? दोन्ही नावे सांगता आली तर त्याला मेलमध्ये जागा द्यावी, नाहीतर सोमवारच्या साप्ताहिक अहवालात.