मराठी वाचता येतं, मग इंग्रजीच का अडतं?

"डॉक्टर, हा मराठी बरोबर वाचतो. इंग्रजीतच टंगळमंगळ करतो." चौथीतल्या, इंग्रजी माध्यमाच्या मुलाची आई सांगत होती. हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो. डिस्लेक्सिया असता तर दोन्ही भाषांत चुका झाल्या असत्या, असं पालकांना वाटतं.

आता इंग्रजीचे 'टफ', 'दो' आणि 'थ्रू' हे तीन शब्द बघा. तिन्हींत ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं आहेत आणि तिन्हींत त्यांचा उच्चार वेगळा. मराठीत 'का' म्हणजे 'का'च. 'चार' आणि 'चाक' यांतला 'च' वेगळा, 'घर'मधल्या 'र'चा 'अ' आपण गिळतो, पण असे खाचखळगे थोडे. (ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना छळतात, वाचताना फारसे नाहीत.)

युरोपातल्या मुलांची तुलना 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. शाळेचं पहिलं वर्ष संपताना फिनलंडची मुलं सोपे, ओळखीचे शब्द जवळपास सगळे बरोबर वाचत होती. इंग्रजी शिकणारी स्कॉटलंडची मुलं 34 टक्केच. ती शाळेत लहान वयात जातात हे खरं, पण एवढा फरक नुसत्या वयाने पडत नाही.

मग सोप्या लिपीत डिस्लेक्सिया नसतोच का? 2001 मध्ये इटालियन, फ्रेंच आणि इंग्रज विद्यार्थ्यांचे मेंदू वाचताना तपासले गेले. डिस्लेक्सिया असलेले इटालियन विद्यार्थी इतर दोघांपेक्षा चांगलं वाचत होते, कारण इटालियन स्पेलिंग सरळ आहे. पण मेंदूच्या डाव्या बाजूच्या त्याच भागातलं काम तिन्ही गटांत सारखंच कमी दिसलं. शब्दांतले ध्वनी सुटे करण्याच्या चाचण्यांत तिघंही अडखळले. म्हणजे दोष तोच, लिपीमुळे तो उघडा पडतो किंवा झाकला जातो.

झाकलेला दोष चुकांतून नाही, वेळेतून कळतो. मी त्या मुलाला मराठी पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला दिला. चूक एकच झाली. पण बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत त्याला चार मिनिटं लागली. सोबत आलेल्या, दुसरीतल्या बहिणीने तोच दोन मिनिटांत वाचला. मग मी 'रटुमीण' असा अर्थ नसलेला शब्द लिहून दिला. ओळखीचा शब्द मूल अंदाजाने वाचू शकतं, असा शब्द नाही. तो 'रटु...' पर्यंत येऊन थांबला, परत 'र'पासून सुरू झाला.

एवढ्यावर निदान होत नाही. डोळे आणि कान तपासून घेतले, ते ठीक होते. मग मी त्याला अध्ययन अक्षमतेची तपासणी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांकडे पाठवलं. चाचणी इंग्रजी आणि मराठी दोन्हींत घ्यावी आणि चुकांबरोबर वेळही नोंदवावा, एवढं चिठ्ठीत मुद्दाम लिहिलं.