चौथे विधान

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील प्रकल्पांचे मार्गदर्शन करणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकापुढे मार्च महिन्यात जे अहवाल येऊन पडतात, त्यांत पदनिश्चयन श्रेणीच्या प्रश्नावलीची आंतरिक सुसंगती बहुधा एकाच ओळीत उरकलेली असते: अल्फा अमुक इतका, सबब प्रश्नावली विश्वसनीय. ली क्रोनबॅक यांनी १९५१ साली आपल्या निबंधात ज्या गुणांकाला अल्फा हे नाव दिले, तो मुळात विधानांच्या परस्पर सहप्रचरणाचा जमाखर्च आहे, आणि जमाखर्च म्हटला की शेवटच्या आकड्यावर शेरा मारण्यापूर्वी आतल्या रकमा पाहणे ओघानेच आले.

परीक्षाभीतीची एक लहानशी श्रेणी घेऊ. आदल्या रात्री मला झोप लागत नाही. प्रश्नपत्रिका हाती पडताच पाठ केलेले आठवेनासे होते. निकालाच्या विचाराने छातीत धडधडते. आणि चौथे, पर्यवेक्षक शेजारी येऊन उभे राहिले तरी माझे चित्त विचलित होत नाही. प्रत्येक विधानापुढे 'पूर्णतः असहमत' ते 'पूर्णतः सहमत' असे १ ते ५ गुण. चौथे विधान उलट दिशेचे आहे, हे उघड. प्रत्येक विधानाला डोळे मिटून 'सहमत' लिहिणाऱ्याला अडविण्यासाठीच अशी विधाने मुद्दाम पेरलेली असतात, आणि बेरजेपूर्वी त्यांचे गुण ६ मधून वजा करावयाचे असतात. 'नाही' दिसले की विधान उलटे, असा सोपा ठोकताळा मात्र येथे कामाचा नाही. पहिल्या विधानातही 'नाही' आहेच, पण ते भीतीच्याच बाजूने साक्ष देते.

आता हा वजाबाकीचा सोपस्कार राहून गेला, तर काय घडते ते पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी प्रत्येक विधानाचे प्रचरण १ आणि कोणत्याही दोन विधानांतील सहसंबंध ०.५ धरू. सूत्र असे:

α = k/(k−1) × (1 − Σσᵢ²/σₜ²)

गुण योग्य दिशेने फिरविले असतील, तर सहा जोड्यांचे सहप्रचरण दोनदा धरून ६ भरते, त्यात चार विधानांचे स्वतःचे प्रचरण ४ मिळविले की बेरजेचे प्रचरण १० होते, आणि अल्फा ०.८० येतो. चौथे विधान तसेच सोडले, तर त्याच्या तीन जोड्या उणे होतात, उरलेल्या तीन अधिक जोड्यांना त्या नेमक्या खाऊन टाकतात, बेरजेचे प्रचरण ४ वर येते आणि अल्फा शून्य! माणसे तीच, जबाब तेच; केवळ एका रकान्याची दिशा चुकली.

शून्य पाहून कोणीही थबकेल. खरा मोह पुढेच आहे. संगणकाच्या तक्त्यात Cronbach's Alpha if Item Deleted असा एक रकाना असतो, आणि त्यात पहिल्या तीन विधानांसमोर उणे ०.७५, तर चौथ्यासमोर ०.७५ छापलेले दिसते. विद्यार्थी साहजिकच चौथे विधान काढून टाकतो, ०.७५ वर समाधान मानतो, आणि 'दुर्बल विधान वगळले' असे अहवालात प्रामाणिकपणे नमूद करतो. शेजारच्याच Corrected Item-Total Correlation या रकान्यात त्या विधानासमोर उणे ०.६१ आहे, याकडे त्याचे लक्ष जात नाही. दुर्बल विधानाचा सहसंबंध शून्याच्या आसपास घोटाळतो. इतका मोठा उणे सहसंबंध हा सबळ पण उलट दिशेने बसविलेल्या विधानाचा दाखला होय. तो फिरविला की अधिक ०.६१ होतो.

प्रत्यक्षातले आकडे अर्थातच इतके सोवळे नसतात. गुण नीट फिरवूनही चौथ्या विधानाचा सहसंबंध क्षीण राहिला, तर मात्र मी मूळ कागद मागवितो. 'विचलित होत नाही' याला 'असहमत' म्हणणे म्हणजे नकाराचा नकार. घाईत कागद भरणाऱ्यांपैकी काही जण नेमके तेथेच उलट खूण करतात. त्या स्थितीत विधान वगळण्याऐवजी 'माझे चित्त स्थिर राहते' अशी फेरमांडणी करून पुन्हा जबाब घ्यावेत, हे मला अधिक न्याय्य वाटते.

आणि अल्फा चांगला आला, म्हणून सर्व विधाने एकाच गोष्टीविषयी बोलतात असेही नव्हे. दहा विधानांत पाच परीक्षाभीतीची आणि पाच, समजा, घरगुती कटकटींची असली, गटांतर्गत सहसंबंध ०.६ आणि दोन गटांमध्ये अजिबात शून्य असला, तरी याच सूत्राने अल्फा ०.७८ भरतो, आणि ०.७० ची रूढ मर्यादा ओलांडली म्हणून विद्यार्थी निर्धास्त होतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या अहवालात अल्फाच्या ओळीखाली विधानांच्या परस्पर सहसंबंधांचा संपूर्ण तक्ता जोडलेला असावा, असा माझा आग्रह असतो. त्या तक्त्यात हे दोन गट, आणि मध्ये पसरलेली शून्ये, नुसत्या नजरेने दिसतात.