‘नुसतं एक बटण तर टाकायचंय!’

सॉफ्टवेअरच्या कामात ग्राहकाशी भांडण होतं ते बहुधा शेवटच्या बिलावर. तोवर सगळं गोडीत चाललेलं असतं. ग्राहक काहीतरी सुचवतो, आपली पोरं ‘हो, करून टाकतो’ म्हणतात, आणि चार महिन्यांनी हिशेब मांडला की कळतं, ठरलेल्या कामाच्या सव्वापट काम झालंय. मग आपण जादा रक्कम मागतो आणि ग्राहक म्हणतो, ‘हे तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?’ त्याचं चुकत नाही. जादा पैसे द्यायची त्याची तयारी असते. न विचारता वाढलेला आकडा त्याला चालत नाही.

म्हणून माझ्या प्रस्तावांत ‘बदलाचं कलम’ असतं. अनेकांच्या प्रस्तावांत ते एका ओळीचं असतं : ‘कामात वाढ झाल्यास जादा आकार पडेल.’ ही ओळ असून नसल्यासारखी. वाढ कशाला म्हणायचं, ती कोणी सांगायची, दर कोणता, होकार येईपर्यंत काम थांबवायचं की चालू ठेवायचं, यातलं काहीच ती सांगत नाही. ती फक्त ग्राहकाला घाबरवते आणि भांडणाच्या वेळी कोणाच्याच कामी येत नाही.

माझं कलम साधारण असं असतं :

‘मान्य केलेल्या स्क्रीन-आराखड्यात व कामांच्या यादीत नसलेली, किंवा असलेली पण वेगळ्या तऱ्हेने हवी असलेली गोष्ट म्हणजे बदल. तो ग्राहकाने नेमलेल्या एका व्यक्तीने ई-मेलने कळवावा. आम्ही कामाच्या तीन दिवसांत त्याला लागणारे तास, रक्कम आणि हस्तांतराच्या तारखेवर होणारा परिणाम लिहून देऊ. तो देकार सात दिवस खुला राहील. लेखी होकार येईपर्यंत मूळ काम ठरल्याप्रमाणे चालू राहील. उत्तर न आल्यास बदल नको आहे असे समजू. ताशी दर करार संपेपर्यंत तोच राहील. एकूण किमतीत २४ तास किरकोळ बदलांसाठी धरले आहेत. तीन तासांपर्यंतचा बदल त्यातून विनामूल्य होईल, त्याचीही नोंद होईल.’

एक उदाहरण घेते. तपशील ओळखू येणार नाहीत इतपत बदलले आहेत. सांगलीकडचे एक खत-बियाण्यांचे घाऊक वितरक. गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांनी फोनवर ऑर्डर देण्याऐवजी ॲपवरून द्यावी, अशी त्यांची मागणी. दुकानदारांचं लॉगिन, मालाची यादी, ऑर्डर, गाडी निघताना द्यायची पावती, येणे बाकीचा तक्ता आणि तालुकावार विक्रीचे आलेख एवढं काम. एकूण ४८० तास, ताशी १,५०० रुपये, म्हणजे ७ लाख २० हजार, अधिक जीएसटी. किरकोळ बदलांचे २४ तास याच आकड्यात होते आणि हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं. लपवून ठेवलेली शिल्लक ही शिल्लक नसते, तिच्यामुळे ग्राहकाचा विश्वास वाढत नाही.

सुरुवातीच्या मागण्या बारीक होत्या. मालाची नावं मराठीतही दिसावीत, पावतीवर गाडीचा नंबर यावा. दोन-तीन तासांची कामं. ती शिल्लक तासांतून झाली, पण दर वेळी एक ओळीचं उत्तर गेलं : ‘पावतीवर गाडीचा नंबर : २ तास, आकार नाही, तारखेत फरक नाही.’ फुकटच्या कामाची नोंद कशाला, असं माझ्या ऑफिसातच विचारतात. पण कलमाचं निम्मं काम ही नोंदच करते. ग्राहकाला सवय लागते की प्रत्येक मागणीला वेळ लागतो आणि तो मोजला जातो. पुढे मोठा आकडा येतो तेव्हा तो त्याच वहीतली पुढची ओळ असतो, धक्का नसतो.

सहाव्या आठवड्यात शेठचा फोन आला.

‘मॅडम, दुकानदार आळशी आहेत हो. त्यांच्याऐवजी आमच्या सेल्समननंच ऑर्डर टाकली तर? नुसतं एक बटण तर टाकायचंय!’

बटण एकच, हे खरं. पण मूळ आराखड्यात ऑर्डर ज्याच्या लॉगिनमधून येते त्याचीच असते. येणे बाकी, पावती, सगळं त्यावर उभं. आता टाकणारा एक आणि देणेकरी दुसरा. मग कोणत्या सेल्समनकडे कोणती दुकानं हे नोंदवावं लागणार. दुकानदारानं ‘मी मागवलंच नव्हतं’ म्हटलं तर काय, म्हणून त्याच्याकडून खात्री घ्यावी लागणार. उधारीची मर्यादा ओलांडली तर सेल्समनला अडवायचं की नुसतं सांगायचं, हेही ठरवावं लागणार. आणि एवढं झालं की आधी तपासून झालेले पडदे पुन्हा तपासायचे. हा शेवटचा भाग अंदाजात हमखास सुटतो. वाढीव काम मोजताना लोक नवीन काय लिहायचं ते मोजतात, जुनं काय पुन्हा तपासायचं ते मोजत नाहीत.

फोनवर मी ‘हो’ही म्हटलं नाही आणि ‘हे करारात नाही’ असंही म्हटलं नाही. ‘कल्पना चांगली आहे, गुरुवारपर्यंत लिहून पाठवते,’ एवढंच म्हटलं. गुरुवारी गेलेल्या मेलमध्ये हिशेब असा होता : सेल्समनचं लॉगिन व दुकानांची वाटणी ८ तास, दुसऱ्याच्या नावे ऑर्डर व दुकानदाराची खात्री १२, उधारीची मर्यादा ६, फेरतपासणी १०. एकूण ३६ तास, ५४ हजार रुपये, तारीख एक आठवडा पुढे.

त्याखाली तीन वाटा दिल्या. पहिली, आहे तसं मंजूर करा. दुसरी, मूळ काम ठरल्या तारखेला घ्या आणि हे नंतर, दुसऱ्या टप्प्यात करू. तिसरी, तालुकावार आलेखांना अजून हात लावलेला नाही, त्यांचे २० तास आहेत. ते काढले तर फरक १६ तासांचा, २४ हजारांचा, आणि तारीख तीनच दिवस पुढे जाईल.

ग्राहकाला नुसतं ‘द्या किंवा सोडा’ म्हटलं की त्याचा मान दुखावतो. अदलाबदलीची वाट दिली की निर्णय त्याच्या धंद्याचा होतो. शेठनी तिसरी वाट घेतली. आलेख त्यांच्या मुलाच्या हौसेखातर यादीत आले होते, हे मला तेव्हा कळलं.

तिसरी वाट खरी असायला हवी, एवढं मात्र सांभाळावं. निम्मं झालेलं काम काढून टाकलं तर त्याचे सगळे तास परत मिळत नाहीत. म्हणून अदलाबदल फक्त न सुरू झालेल्या कामाशी, हेही कलमात लिहावं.

होकार लेखी हवा, पण मुद्रांकाच्या कागदावर नको. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ प्रमाणे दोन्ही पक्ष राजी असले की करारात फेरफार करता येतो. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम १०अ मुळे प्रस्ताव व होकार ई-मेलने झाले, एवढ्याच कारणाने करार अंमलबजावणीला अपात्र ठरत नाही. लेखी होकार न घेता राबून मग करार कायद्याच्या कलम ७० वर, म्हणजे ‘तुम्ही लाभ घेतलात, मोबदला द्या’ या तत्त्वावर, भिस्त ठेवू नये. ज्या कामाचा मोबदला करारातच ठरलेला आहे, तिथे हा आधार लंगडा पडतो. सैन्यासाठी तूप पुरवणाऱ्या एजंटांनी युद्धकाळात परिस्थिती बदलली म्हणून करारापेक्षा जास्त मागितलं, तेव्हा १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने अलोपी परशाद खटल्यात त्यांना नकार दिला होता. अर्थात माझ्या आकाराच्या व्यवसायात कोर्टाची पायरी चढणं म्हणजे ग्राहक आणि पैसे दोन्ही गमावणं.

कलमाला सर्वात मोठं भोक आपल्याच बाजूला असतं. ग्राहकाचा कारकून आपल्या प्रोग्रामरला व्हॉट्सॲपवर लिहितो, ‘भाऊ, एवढं करून दे,’ आणि भाऊ रात्री बसून करून देतो. चांगुलपणानंच. एकदा केलं की तो पायंडा पडतो. म्हणून ‘नेमलेली व्यक्ती’ दोन्हीकडे लागते. आमच्या मुलांना मी एकच उत्तर शिकवलंय : ‘नोंदवून घेतो, उद्या मॅडम कळवतील.’ त्यांनी नकार द्यायचा नसतो, होकारही द्यायचा नसतो.

दुसरी कटकट म्हणजे ‘हे तर गृहीतच होतं!’ प्रस्तावात ‘येणे बाकीचा तक्ता’ लिहिलं होतं. शेठच्या हिशेबनिसाला तो एक्सेलमध्ये उतरवून हवा होता. हा बदल की मूळ काम? आराखड्यात दिसतं तसं ते चालत नसेल तर तो दोष, दुरुस्ती आमच्या खर्चाने. आराखड्याप्रमाणे चालतं पण वेगळं हवं असेल तर बदल. आणि शब्दांचे दोन अर्थ निघत असतील तर मी ते आमच्या अंगावर घेते, कारण शब्द आम्ही लिहिले होते. एक्सेलचं काम तसंच झालं. २४ तासांतूनही वजा केलं नाही. पुढच्या प्रस्तावापासून प्रत्येक तक्त्यापुढे ‘फक्त पडद्यावर’ किंवा ‘एक्सेलसह’ असं येऊ लागलं, आणि ‘यात समाविष्ट नाही’ ही यादी लांबली. ती यादी आणि सही झालेला आराखडा नसेल तर बदलाचं कलम कशाच्या तुलनेत मोजणार?

एक मर्यादाही घालते. मंजूर बदलांची बेरीज मूळ किमतीच्या वीस टक्क्यांवर गेली की थांबायचं आणि उरलेल्या कामाचा नवा प्रस्ताव करायचा. बांधकामवाल्यांना हे नवं नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करार-अटींत बाराव्या कलमात फेरफारांची मर्यादा आणि त्यापलीकडच्या दरांची रीत दिलेली असते. वीस टक्क्यांवर फरक पडला याचा अर्थ ग्राहकाला काय हवंय ते आधी कोणालाच नीट माहीत नव्हतं. तिथे कलम पुरं पडत नाही. अशा ग्राहकाकडे आधी दोन आठवड्यांचं निव्वळ अभ्यासाचं काम, वेगळे पैसे घेऊन करावं, नाहीतर दरमहा ठरावीक तासांचा करार करावा.

सांगलीच्या कामात बदलांची बेरीज त्या मर्यादेच्या जवळही गेली नाही. शेवटच्या बिलाबरोबर बदलांची पूर्ण यादी जोडली, फुकटच्या ओळींसह. २४ पैकी ७ तास उरले होते. ते हस्तांतरानंतरच्या तीन महिन्यांत वापरता येतील असं कळवलं, तेव्हा शेठनी त्यातले तीन लगेच मागितले : सेल्समननं ऑर्डर टाकली की दुकानदाराला जाणारा एसएमएस मराठीत हवा होता.