काय गाळावे, काय राखावे

निरोपसमारंभात सत्कारमूर्तीने जुन्या आठवणी सांगाव्यात, सर्वांचे आभार मानावेत आणि डोळे पुसत खाली बसावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. पुण्यातील एका शाळेत 34 वर्षे मराठी शिकवून निवृत्त होणाऱ्या बाईंनी मात्र आपल्या भाषणासाठी मुलांच्या जुन्या टिपणांचा एक गठ्ठा बरोबर आणला होता. आभाराचे दोन शब्द बोलून त्यांनी गठ्ठ्याची दोरी सोडली. "मुलांनो, सारांश कसा लिहावा हे मी तुम्हांला शिकवले, असे तुम्ही म्हणता. मला ते कोणी शिकवले, हे आज सांगते," असे म्हणून त्यांनी बोलण्यास प्रारंभ केला.

बाई दरवर्षी सातवीच्या वर्गाला एकच उतारा देत असत. उतारा तोच राहिला म्हणजे मुलांच्या लेखनातील फरक नेमका कळतो, असा त्यांचा विचार होता. काही धाकटी भावंडे थोरल्यांच्या वह्यांतून सारांश उतरवून आणीत. पण थोरल्याची ऱ्हस्व-दीर्घाची चूकही त्याबरोबर येई आणि बाई ती ओळखून हसत. तो उतारा बाईंनी सभेत पुन्हा वाचून दाखविला. तो असा :

"पुण्याजवळील पानशेतचे मातीचे धरण 1961 साली पुरते बांधून झाले नव्हते. त्या पावसाळ्यात पाणी भराभर वाढले आणि धरण खचू लागले. सैनिकांनी रात्रभर भर पावसात वाळूची पोती रचली. धरण वाचले नाही. 12 जुलैच्या सकाळी ते फुटले. पाठोपाठ त्याच दिवशी खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पूर शिरला. परंतु सैनिकांच्या श्रमांमुळे धरण रात्री न फुटता दिवसा फुटले, लोकांना पळण्यास अवधी मिळाला आणि अनेकांचे प्राण वाचले."

उताऱ्यात 63 शब्द आहेत. सारांश मूळ उताऱ्याच्या सुमारे एक-तृतीयांश असावा, या नियमाने मुलांना 21 शब्दांत तो लिहावयाचा असे.

बाईंनी गठ्ठ्यातील पहिले टिपण उचलले. त्यात उताऱ्याची पहिली दोन वाक्ये जशीच्या तशी उतरली होती आणि 'धरण खचू लागले' येथे टिपण संपले होते. "शब्दांची मर्यादा या मुलाने काटेकोर पाळली," बाई म्हणाल्या, "पण याच्या वहीतले धरण आजवर फुटलेले नाही!" सभागृहात हशा पिकला. बाई पुढे म्हणाल्या, "असे टिपण दरवर्षी येते. लेखक महत्त्वाची गोष्ट आरंभीच सांगतो, अशी या मुलांची समजूत असते. पुष्कळदा ती शेवटच्या वाक्यात असते. म्हणून संपूर्ण उतारा वाचून होईपर्यंत हाती लेखणी धरू नये."

दुसरे टिपण असे होते : 'मातीचे धरण. जोराचा पाऊस. सैनिक. वाळूची पोती. धरण फुटले. पुण्यात पूर.' यात चूक एकही नव्हती. बाईंनी हे टिपण एकदा उतारा न वाचलेल्या मुलाला दिले आणि विचारले, "सैनिकांच्या श्रमांचा काय उपयोग झाला?" तो चटकन म्हणाला, "काही नाही. धरण फुटलेच ना!" बाईंनी सांगितले, "प्रत्येक शब्द खरा, आणि कळलेली गोष्ट मात्र खोटी. कारण हा 'परंतु' आणि तो 'मुळे' हे दोन लहान शब्द गळून पडले होते. काय काय घडले, हे मोठे शब्द सांगतात. ते का घडले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे या लहान शब्दांवाचून कळत नाही. जागा वाचविण्यासाठी मुले प्रथम त्यांनाच काढून टाकतात."

अशी टिपणे लिहिणाऱ्या मुलांना बाई पुढल्या वर्षी त्यांचीच वही वाचावयास देत. त्यांतील पुष्कळांना स्वतःच्याच टिपणाचा अर्थ लागत नसे. लिहिताना उतारा मनात ताजा असतो, म्हणून सुटलेले दुवे आपोआप भरले जातात. वर्षभराने उतारा विसरतो आणि कागदावर नुसते सुटे शब्द उरतात.

तिसरे टिपण हाती घेताना बाई क्षणभर थांबल्या. त्यात लिहिले होते : 'शूर सैनिकांनी रात्रभर पोती रचून पुणे वाचविले.' वाक्य सुटसुटीत होते आणि वर्गाला ते फार आवडले होते. बाई शाबासकी देणार, तोच मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली. नदीकाठी राहणाऱ्यांपैकी तिचे घराणे होते. ती म्हणाली, "पण बाई, पुणे कुठे वाचले? आमच्या आजीचे घर वाहून गेले. आजी वाचली."

"त्या दिवशी," बाई म्हणाल्या, "सारांशाचा सर्वांत मोठा धोका मला कळला. अपुरे टिपण अपुरे दिसते, म्हणून वाचणारा सावध होतो. पण हे टिपण पूर्ण दिसत होते. त्याने पूर पुसला, वाहून गेलेली घरे पुसली, आणि त्या मुलीच्या आजीने सोसलेले दुःखही पुसून टाकले. सैनिकांनी जे केले, ते मुळातच थोर होते. त्यांनी धरण वाचविले नाही. त्यांनी रात्र टळेतो ते थोपवून धरले. तेवढ्या अवधीत माणसे बाहेर पडली. हे सांगावयास दोन शब्द अधिक लागतात. ते खर्चण्याची कंजुषी करू नये."

चौथे टिपण बाईंनी सावकाश वाचले : '1961 साली पानशेतचे अर्धवट धरण फुटून पुण्यात पूर आला, परंतु सैनिकांनी पोती रचून ते सकाळपर्यंत टिकविल्यामुळे अनेकांना पळून जीव वाचविता आला.' शब्द बरोबर 21. यात खडकवासल्याचे नाव नाही, पाऊस नाही, तारीखही नाही. तरीही धरण फुटले, पूर आला आणि माणसे कशामुळे वाचली, या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून उभ्या आहेत. "मात्र कोणी विचारले, की खडकवासल्याच्या धरणाचे काय झाले, तर या टिपणापाशी उत्तर नाही," बाई म्हणाल्या. "त्यासाठी मूळ उताऱ्याकडेच गेले पाहिजे. सारांश कितीही चांगला असला, तरी तो मुळाच्या जागी बसत नाही."

हे टिपण लिहिणाऱ्या मुलीला बाईंनी तिची रीत विचारली होती. तिने सांगितले, की उतारा दोनदा वाचून तिने पुस्तक मिटले आणि शेजारच्या मैत्रिणीला काय झाले व का झाले, हे एका दमात सांगितले. तेच वाक्य तिने लिहून काढले. मग पुस्तक उघडून खरेखोटे ताडून पाहिले, आणि शब्द मोजले ते सर्वांत शेवटी. पुढे बाईंनी हीच रीत प्रत्येक वर्गाला शिकविली.

भाषण संपविताना बाई म्हणाल्या, "टिपण लिहून झाले, की ते उतारा न वाचलेल्या कोणाच्या तरी हाती द्या आणि त्याला काय कळले ते विचारा. तो थोडे सांगेल, तर चिंता नाही. तो खोटे सांगेल, तर आपल्या वहीतून कोणता लहान शब्द गळाला, ते शोधा. बहुतेक वेळा तो एक 'परंतु' असतो."