राऊटर कुणाच्या यूपीएसवर होता?

पोस्ट जरा मोठी आहे, पण ऑनलाईन परीक्षेवर परवा चहाच्या टपरीवर जी चर्चा झाली, त्यात मी गप्प बसलो होतो. बोललो असतो तर हेच बोललो असतो.

गोष्ट ऑक्टोबर २०२० ची. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील, असं सुप्रीम कोर्टानं २८ ऑगस्टला सांगितलं आणि महिन्या-दीड महिन्यात ऑनलाईन पेपर सुरू झाले. एक तास, पन्नास प्रश्न, चार पर्याय. मोबाईल, कॉम्प्युटर, इंटरनेट ज्याचं त्यानं बघायचं. ज्याच्याकडं नाही तो माझ्यासारख्याच्या दुकानात. सोलापूर-धाराशिव पट्ट्यातल्या एका छोट्या गावात माझं सायबर कॅफे आहे. पाच कॉम्प्युटर, एक झेरॉक्स. सातबारा काढणं आणि पीक विम्याचे फॉर्म भरणं हा खरा धंदा. परीक्षा केंद्र चालवायचं काय असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि दुकान बघायलाही कुणी आलं नाही.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी वडिलांबरोबर गाडीवर आली. घरात एकच स्मार्टफोन, तो भावाकडं पुण्याला. वडील दारातच उभे राहिले. "सर, हिला यातलं काय कळत नाही, तेवढं बघा." मुलगी हळूच म्हणाली, "कळतं की. फक्त माऊस कधी धरला नाही."

दुसऱ्या दिवशी खरा पेपर होता, म्हणून आधी सराव परीक्षा लावून दिली. दहा प्रश्न. सगळे सोडवले, आणि मार्क आले चार. मला वाटलं, अभ्यास कच्चा असेल. ती म्हणाली, "दादा, मी इथं ब केलं होतं. क कसं झालं?" मी म्हटलं, चुकून लागला असेल माऊस. ती ऐकेना. "परत लावा, मी करून दाखवते."

तिनं करून दाखवलं तेव्हा मला कळलं. पर्याय निवडला की पान खाली सरकवायला ती कीबोर्डवरचा खालच्या बाणाचा बटण दाबायची. पण गोल टिंबावर क्लिक केल्यावर बाण दाबला, की पान सरकत नाही, टिंबच पुढच्या पर्यायावर जातं. ब चं क होतं. बारा वर्षं कॉम्प्युटर चालवतोय, कधी लक्षात आलं नव्हतं. अशी किती पोरांची उत्तरं सरकली असतील देव जाणे! मी तिला माऊसचं चाक दाखवलं, बाणाच्या बटणांवर कागदाचा तुकडा चिकटवला, आणि पुढच्या वेळी दहापैकी नऊ आले. मार्क बघून वडील पहिल्यांदा आत येऊन बसले.

पेपर सकाळी अकराचा. त्या महिन्यात परतीच्या पावसानं आमच्याकडं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. सोयाबीनच्या गंजी भिजल्या होत्या. वडील ताडपत्री टाकून आले होते आणि सारखं आभाळाकडं बघत होते.

बरोबर ११ वाजून ३४ मिनिटांनी लाईट गेली.

कॉम्प्युटर चालूच राहिला, कारण प्रत्येकाला यूपीएस होता. यूपीएस टुं-टुं करायला लागला. मी निवांत होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "दादा, नुसतं गोल फिरतंय." Save & Next दाबलं होतं आणि पान अडकलं होतं. मी वळून काउंटरकडं बघितलं. राऊटरवरचा एकही दिवा लागलेला नव्हता. पाच कॉम्प्युटरांना यूपीएस घेतले, आणि ज्याच्यावर पाचही चालतात तो राऊटर साध्या प्लगात! ही चूक विद्यापीठाची नाही, वीजवाल्यांचीही नाही. माझी.

"काही दाबू नका ताई. रिफ्रेश तर अजिबात नको. आधीची उत्तरं तिकडं पोचलेली आहेत." मी हे ठामपणे म्हणालो खरं, पण मलाही खात्री नव्हती. पडद्यावरचं घड्याळ चालूच होतं.

माझ्या डेस्कटॉपला वायफाय नव्हतं, त्यामुळं मोबाईलचा हॉटस्पॉट उपयोगाचा नाही. फोन केबलनं जोडून सेटिंगमध्ये यूएसबी टिथरिंग चालू करावं लागतं. हे मला येत होतं. पण दुकानात होती ती चार्जिंगची केबल, तिच्यातून डेटा जाईना. दुसरी सापडेपर्यंत ११:४३ झाले. आत रेंज एकच काडी. पण नुसते लेखी प्रश्न उघडायला फार नेट लागत नाही. जोडलं, तर पान म्हणालं, पुन्हा लॉगिन करा.

तिनं नंबर टाकला. हात थरथरत होता, जन्मतारीख एकदा चुकली. मग पेपर उघडला. एकतीस चौकोन हिरवे. बत्तिसावं, जे गोल फिरताना अडकलं होतं, ते रिकामं. घड्याळात पंधरा मिनिटं. गेलेला वेळ कुणी परत दिला नाही.

आता यूपीएसचा आवाज जोरात यायला लागला. बॅटरी जुनी, हा आवाज म्हणजे शेवटची काही मिनिटं. मॉनिटर आणि सीपीयू दोन्ही तिच्यावरच. शेजारचा कॉम्प्युटर रिकामा होता, त्याचा यूपीएस भरलेला. सीपीयूची वायर काढली तर सगळंच बंद, पण मॉनिटरची काढली तर फक्त अंधार होतो, आत पेपर चालूच असतो. मी म्हटलं, "ताई, पडदा काळा होईल. घाबरू नका, मोजा दहापर्यंत." तिनं खरंच मोठ्यानं मोजलं. सातला पडदा परत आला. भार कमी झाला आणि टुं-टुं थोडी मंदावली.

मग ती कुणाशी बोलली नाही. मी केबल हलू नये म्हणून फोन धरून उभा. वडील दारात, त्यांना काहीच कळत नव्हतं, फक्त "होतंय का?" एवढं दोनदा विचारलं. ११:५७ ला तिनं सबमिट केलं. तीन प्रश्न राहिले होते, ते वाचायचेही नाहीत असं तिनं आधीच ठरवलेलं. पेपर जमा झाल्याचा संदेश आला, त्याचा मी त्याच फोननं फोटो काढला. दोन मिनिटांत यूपीएस बंद पडला.

वडील पैसे काढायला लागले. मी नको म्हटलं, तर म्हणाले, "का? पेपर तर झाला की." त्यांना राऊटरचं सांगायचं धाडस मला झालं नाही. साठ रुपये घेतले. ते मला आजही टोचतात.

पोरगी पास झाली. नाहीतर त्या तीन प्रश्नांचा आणि अकरा मिनिटांचा हिशोब मी कुणाला देणार होतो? आणि तिनं तरी कुणाकडं मागायचा? फोन नंबर होता मदतीचा, लागला नाही. ज्यांचा पेपर असा अर्धवट राहिला त्यांचं काय झालं, हे माझ्या दुकानातल्या पोरांपुरतं तरी मला माहीत आहे. कुणी पुन्हा दिला, कुणी वर्ष सोडलं.

गेल्या वर्षी ती तलाठी भरतीबद्दल विचारायला आली होती. खुर्चीवर बसायच्या आधी काउंटरखाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "दादा, राऊटरला यूपीएस लावला का?"

तिला तेव्हाच कळलं होतं.