घर सोडणाऱ्या भाडेकरूकडे नवे लोक कधी न्यायचे?



आमचं घर बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात. खाली आम्ही दोघं राहतो. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे गॅलरी आहे, ती आम्ही किरायानं देतो. (आम्ही एमपीतले मराठी, भाड्याला किराया म्हणतो, सांभाळून घ्या.) बँकेतून निवृत्त झाल्यापासून वर चार कुटुंबं राहून गेली. आजचा विषय आहे भाडेकरू नोटीस देतो आणि घर सोडतो त्याच्या मधला महिना. त्या महिन्यात घरमालकाला नवे लोक आणून घर दाखवायचं असतं आणि वरच्या घरात अजून संसार चालू असतो. माझ्या पाहण्यात बरेच चांगले संबंध याच महिन्यात बिघडले आहेत.

नोकरीत दर तीन वर्षांनी बदली, त्यामुळे मी स्वतः सात घरांत भाड्यानं राहिलो. एका गावात मी नोटीस दिली आणि दुसऱ्या दिवसापासून घरमालक कुणालाही घेऊन यायला लागले. एकदा रात्री नऊ वाजता आले. आई आजारी, बाहेरच्या खोलीत झोपलेली. चार अनोळखी माणसं तिच्या पलंगाच्या बाजूनं आत गेली, एकानं आमचं कपाट उघडून पाहिलं. आई काही बोलली नाही, पदर सावरून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या घराचा पुढचा सगळा महिना ती दाराचा आवाज आला की उठून बसायची. म्हणून मी मालक झालो तेव्हा हे काम कसं करायचं ते माझ्यापुरतं ठरवून टाकलं.

आधी हक्काचं पाहू. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या १०८ व्या कलमात दोन्ही बाजूंची कर्तव्यं दिली आहेत. भाडं वेळेवर देणाऱ्या भाडेकरूला मुदत संपेपर्यंत विनाव्यत्यय घर वापरू द्यायचं, हे मालकाचं. आणि घराची स्थिती तपासायला मालक योग्य वेळी आला तर त्याला येऊ द्यायचं, हे भाडेकरूचं. नीट वाचलं तर तिथे घराची स्थिती पाहण्याबद्दल लिहिलं आहे, नव्या गिऱ्हाइकाला घर दाखवण्याबद्दल नाही. केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात आत येण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी, दिवस, वेळ आणि कारण सांगावं, सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर येऊ नये असं आहे. तिथेही दुरुस्ती आणि तपासणी सोडून दुसरं कारण असेल, तर ते करारात लिहिलेलं हवं. शिवाय तो मसुदा ज्या राज्यानं स्वीकारला तिथेच लागू. माझी भाची कॅलिफोर्नियात भाड्यानं राहते. तिथल्या कायद्यात मात्र नव्या भाडेकरूंना घर दाखवण्याचं कारण स्पष्ट लिहिलेलं आहे, कामकाजाच्या वेळेत आणि साधारण २४ तास आधी लेखी कळवून.

म्हणजे आपल्याकडे करारात कलम नसेल, तर घर दाखवणं ही मालकानं भाडेकरूला केलेली विनंती असते. शेवटच्या महिन्याचाही किराया त्यानं भरलेला असतो, तोपर्यंत घर त्याचंच. हे डोक्यात ठेवून बोललं की आवाज आपोआप खाली येतो.

आता आमच्या वरच्या मागच्या कुटुंबाचं सांगतो. नवरा खाजगी कंपनीत, त्याची बदली झाली. घरात त्याची आई, बायको आणि आठ महिन्यांची मुलगी. किराया महिना ६,००० रुपये, अनामत दोन महिन्यांची, १२,०००. मार्चअखेर तो म्हणाला, "काका, एप्रिलअखेर घर सोडतो." मी म्हटलं, "चांगलं झालं बाबा, पण दोन ओळी कागदावर दे, तारखेसकट." हा कागद आधी घ्यावा. तो नसताना लोकांना घर दाखवू नये. बदल्या रद्द होतात, पुढे ढकलल्या जातात, आणि मग जुना वरच राहतो, नव्याचा ॲडव्हान्स आपल्या खिशात आणि शिव्या दोघांच्या.

कागद मिळाल्यावर मी वर गेलो ते वेळ विचारायला, सांगायला नाही. आणि नवऱ्याशी एकट्याशी बोललो नाही. दिवसभर घरात त्या दोघी असतात, दार त्यांनाच उघडावं लागतं. सूनबाई म्हणाल्या, "काका, माणसं आणा, माझी ना नाही. पण दुपारी नको, तेवढ्यातच छोटी झोपते." आजी म्हणाल्या, सकाळी नळ येतो तेव्हा बादल्यांची रांग असते, मग त्यांची पूजा. एप्रिलमध्ये निमाडच्या उन्हात दुपारी बाहेरून कोणी येणारही नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा आणि बुधवारी संध्याकाळी सहा ते सात. दोन्ही वेळा नवरा घरी. मग मी एक चिठ्ठी लिहून दिली. ती जशीच्या तशी देतो, कुणाला उपयोगी पडली तर घ्या.

"आपण ३० एप्रिलला घर सोडत आहात. तोपर्यंत दर रविवारी सकाळी १० ते ११.३० आणि बुधवारी संध्याकाळी ६ ते ७ या वेळेत नवे लोक घर पाहायला येऊ द्यावेत, ही विनंती. कोण येणार ते आदल्या संध्याकाळी कळवीन. आमच्यापैकी एक जण कायम सोबत असेल. कपाटं उघडली जाणार नाहीत, आपल्या सामानाचे फोटो काढले जाणार नाहीत. एखादी वेळ गैरसोयीची असेल तर सांगावे, बदलून घेऊ. घर ठरले की येणे त्याच दिवशी बंद होईल. या त्रासाबद्दल एप्रिलच्या किरायात ५०० रुपये कमी द्यावेत. अनामतीचा या गोष्टीशी संबंध नाही, ती ठरल्याप्रमाणे परत मिळेल."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. भाडेकरू वरवर हो म्हणतो, पण त्याच्या मनात असतं की नाही म्हटलं तर हे अनामत अडकवतील. ती भीती काढली की तो खरं काय ते बोलतो. आणि ५०० रुपयांचं म्हणाल तर हिशेब सोपा आहे. ६,००० चा किराया म्हणजे दिवसाला २०० रुपये. ५०० म्हणजे अडीच दिवसांचा किराया. घर महिनाभर रिकामं राहिलं तर ६,००० जातात. मग वरच्या लोकांनी राजीखुशीनं दार उघडावं म्हणून अडीच दिवस सोडायला काय हरकत?

'टू-लेट'च्या पाटीवर फक्त माझा नंबर टाकला आणि खाली लिहिलं, "वर बेल वाजवू नये." तरी एक गृहस्थ थेट जिना चढलेच. हिनं ओट्यावरूनच त्यांना परत बोलावलं आणि रविवारची वेळ दिली. नाराज होऊन गेले, पण रविवारी आले. गरजू माणूस दिलेल्या वेळेला येतो, हा माझा अनुभव.

एका वेळी एकच कुटुंब वर न्यायचं, पंधरा-वीस मिनिटं. बाकीचे खाली आमच्याकडे पाणी पीत बसायचे. एका बुधवारी छोटीला ताप होता, तो दिवस आम्ही सोडून दिला. एखादी वेळ अशी चुकणं साहजिक आहे. पण भाडेकरू प्रत्येक वेळेला काहीतरी कारण सांगू लागला, तर प्रश्न वेळेचा नसतो. बहुधा त्याचंच पुढचं घर ठरलेलं नसतं. तेव्हा वेळेवरून वाद घालू नये, बाजूला बसवून विचारावं, "तुझं तिकडचं नक्की झालं का?" आणि तारीख पुढे जाणार असेल तर नव्या लोकांना आधीच कळवावं.

तिसऱ्या रविवारी शाहपूरचं एक कुटुंब आलं. त्यातल्या बाईंनी सूनबाईंना सरळ विचारलं, "घर कसं आहे हो?" मी तिथेच उभा. सूनबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घर चांगलं आहे, काका-काकू चांगले आहेत. पण पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला ओल येते." मी म्हणालो, "खरं आहे, मे महिन्यात प्लास्टर करून घेतो." त्यांनी घर तिथेच पसंत केलं. नंतर ते गृहस्थ मला म्हणाले, जिथे भाडेकरू मालकासमोर असं बोलू शकते, तिथे राहायला हरकत नाही.

त्यांच्याकडून १,००० रुपये घेऊन पावती दिली. पावतीवर लिहिलं की आत्ताचे भाडेकरू ३० एप्रिलला जाणार आहेत, काही कारणानं घर रिकामं झालं नाही तर पैसे परत. त्याच संध्याकाळी पाटी काढली आणि वर जाऊन सांगितलं, आता कोणी येणार नाही. तीन रविवार आणि दोन बुधवार, एवढ्या वेळात नऊ कुटुंबं घर पाहून गेली. ३० तारखेला किल्ली मिळाली, वर सगळं नीट होतं, १२,००० तिथल्या तिथे परत केले. प्लास्टर आणि रंगाला तीन दिवस लागले, चार मेला नवे लोक आले. माझे गेले तीन दिवसांचे ६०० आणि सवलतीचे ५००, एकूण १,१००.

शाहपूरच्या मंडळींशी अकरा महिन्यांचा करार केला तेव्हा त्यात हे कलम आधीच घातलं: नोटिशीच्या काळात आठवड्यातून दोनदा, दोघांनी मिळून ठरवलेल्या वेळी, आदल्या दिवशी कळवून, मालकाच्या सोबतीनं घर दाखवता येईल. वेळा मात्र करारात लिहिल्या नाहीत. जायच्या महिन्यात त्यांच्या घरात कोण असेल, तान्हं मूल असेल की अंथरुणावरचं म्हातारं माणूस, ते आज कसं सांगणार? त्या वेळा तेव्हाच, वर जाऊन, घरातल्या बाईमाणसाला विचारूनच ठरतील.

तुमच्याकडे, पुण्या-मुंबईत किंवा बाहेरदेशी, या महिन्यात काय रीत आहे? मालक म्हणून आणि भाडेकरू म्हणूनही, दोन्ही बाजूंचं वाचायला आवडेल.